‘असल्यास’ काढा: चुकलेल्या केकनंतरची जाहीर माफी

प्रश्न: ठाण्यात मानपाड्याला माझा छोटा कॅफे आहे, केकच्या ऑर्डरीही घेतो. शनिवारी एका ताईंची ऑर्डर होती, मुलीच्या पहिल्या वाढदिवसासाठी एक किलो चॉकलेट, एगलेस. खोके बदलले आणि त्यांच्याकडे दुसऱ्याचा, अंड्याचा केक गेला. वर नावही कुठल्यातरी मुलाचं. केक कापताना कळलं. त्यांनी फोटोसकट आमच्या भागातल्या फेसबुक ग्रुपवर आणि गूगल रिव्ह्यूमध्ये लिहिलंय. पैसे लगेच परत केले. आता पोस्ट टाकायची आहे. मसुदा असा: “प्रिय ग्राहकांनो, काल झालेल्या गैरसमजामुळे कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत. वीकेंडच्या प्रचंड गर्दीत अनवधानाने ही चूक घडली. संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई केली आहे. ग्राहकाला पूर्ण रक्कम परत दिली असून पुढचा केक मोफत देत आहोत. तुमचं प्रेम असंच राहू द्या.” चालेल का?

उत्तर:

नाही चालणार. भाषा तर सुधारायला हवीच, पण त्याआधीची अडचण अशी की या मसुद्यात ‘अंडं’ हा शब्दच नाही.

नाव चुकणं ही लाज वाटण्याची गोष्ट आहे. लोक हळहळतात, थोडे हसतात आणि विसरतात. एगलेस म्हणून अंड्याचा केक जाणं वेगळं. त्या ग्रुपवर पोस्ट वाचणाऱ्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी अंडं न खाणारं असतं, किंवा गुरुवार-संकष्टी पाळणारं असतं. तुम्ही किती वाईट वाटून घेताय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. ‘गेल्या महिन्यात आपण यांच्याकडून आणलेला एगलेस, तो खरंच एगलेस होता का?’ हा त्यांच्या मनातला प्रश्न आहे. त्याचं उत्तर न देणारी पोस्ट कितीही नम्र असली तरी कमेंटमध्ये पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी तो विचारणार. मग तुम्ही लपवत होतात असं दिसेल, लपवायचा हेतू नसला तरी.

लिहायला बसण्याआधी एक फोन राहिलाय का ते बघा. तुमच्या प्रश्नात एकच घर आहे, पण खोके बदलले म्हणजे घरं दोन. ज्या मुलाचं नाव त्या केकवर होतं, त्याच्या घरी काय गेलं? ताईंचा एगलेस केक तिकडे गेला असेल तर नुकसान नावापुरतंच. पण तिकडे तिसराच केक गेला असेल, तर साखळी अजून तुटलेली नाही आणि आणखी एक तक्रार वाटेत आहे. शनिवारची बिलं काढा, त्या दिवशीच्या एक किलोच्या सगळ्या चॉकलेट केकची यादी करा आणि प्रत्येकाकडे काय गेलं ते फोन करून पक्कं करा. त्यांतल्या एखाद्या केकमध्ये हेझलनट, काजू किंवा प्रॅलिन असेल तर हा फोन आजच्या आज, पोस्टच्या आधी. सुक्यामेव्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला पोस्ट वाचून कळण्यात अर्थ नाही.

ताईंशीही एकदा स्वतः बोला, पैसे परत केल्याचा मेसेज सोडून. दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. केक कुणी खाल्ला का, आणि खाल्ला असेल तर अंडं न खाणाऱ्यांनी खाल्ला का. नाव बघून खायच्या आधीच थांबले असतील तर पोस्टमध्ये ‘अंड्याचा केक खाल्ला गेला’ असं ओढवून घेऊ नका. आजींनी घास घेतला असेल तर मात्र ते त्यांच्याकडून ऐकून घ्या, मध्ये बोलू नका आणि ‘थोडंसंच असतं हो’ असं चुकूनही म्हणू नका. जाहीर पोस्टमध्ये आजींचा उल्लेख नको. ती त्यांच्या घरातली गोष्ट आहे. सांगायची असेल तर त्या सांगतील.

आता कारण. ‘अनवधानाने चूक घडली’ याला मी कारण म्हणत नाही. खोका बदलण्याची जागा बहुतेक वेळा एकच असते. एक किलोचा केक साधारण आठ इंची गोल असतो आणि दहा बाय दहाच्या खोक्यात जातो. शनिवारी फ्रिजमध्ये असे पाच-सहा खोके एकावर एक. नावाची चिठ्ठी झाकणावर. कुणीतरी नक्षी बिघडली नाही ना हे बघायला दोन झाकणं उघडतं, परत लावताना त्यांची अदलाबदल होते. त्या क्षणापासून चिठ्ठी बरोबर आणि केक चुकीचा. काउंटरवरचा मुलगा चिठ्ठी वाचतो, बिलाशी जुळवतो, सगळं जुळतं. त्याने काम नीटच केलेलं असतं. वरून ट्रफल ओतलेला चॉकलेटचा केक बघून अंड्याचा की एगलेस हे मालकालाही सांगता येत नाही, कापल्यावरही खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे चिठ्ठी हाच एकमेव पुरावा आणि तोच सुट्या झाकणावर लावलेला.

तुमच्याकडे हेच झालं असेल असं मी धरून चाललोय. ऑर्डर लिहून घेतानाच ‘एगलेस’ राहून गेलं असेल तर कारण वेगळं आणि उपायही वेगळा. व्हॉट्सॲपवरची मूळ ऑर्डर, आतल्या माणसाला दिलेली स्लिप, खोक्यावरची चिठ्ठी आणि बिल हे चारही समोर ठेवा. ज्या दोन कागदांमध्ये माहिती बदलली, तिथे चूक. चारही जुळत असतील तर कागद ठीक आहेत आणि खोकाच बदलला. हे शोधायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास न घालवता लिहिलेली पोस्ट म्हणजे ‘पुढे काळजी घेऊ’. ते वाक्य तर सगळेच लिहितात.

खोकाच बदलला असेल तर उपाय स्वस्त आहे. चिठ्ठी केकखालच्या बोर्डाच्या कडेला लावायची. बोर्ड केकपासून सुटा होत नाही. त्यावर नावाबरोबर बिल नंबर, कारण एकाच शनिवारी दोन ‘आरव’ येऊ शकतात. अंड्याच्या आणि एगलेसच्या चिठ्ठ्या नुसत्या रंगाने नाही, आकारानेही वेगळ्या ठेवा. पॅकबंद अन्नावर एफएसएसएआयचं चिन्ह शाकाहारासाठी हिरवं वर्तुळ आणि मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण आहे, आणि अंडं त्यात मांसाहारात धरलं जातं. आधी दोन्हीकडे वर्तुळच होतं, मग त्रिकोण आला, कारण रंग न ओळखता येणाऱ्यालाही फरक कळावा. फ्रिजच्या मंद दिव्यात घाईने हात घालणाऱ्याचं वेगळं काय असतं? तेच दोन आकार वापरा, लोकांच्या ओळखीचे आहेत. फ्रिजचे कप्पे वेगळे करा, एगलेस वर आणि अंड्याचे खाली. आणि केक देताना खोका गिऱ्हाइकासमोर उघडायचा. रायडरबरोबर पाठवत असाल तर झाकण लावायच्या आधी, बोर्डावरची चिठ्ठी दिसेल असा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि ‘बरोबर आहे’ असं उत्तर आल्यावरच खोका बाहेर काढायचा. घोडबंदर रोडवर संध्याकाळी सातला निघालेला खोका परत बोलावता येत नाही.

हे झालं की पोस्ट जवळजवळ लिहिलेली असते. आता तुमच्या मसुद्यातले शब्द बघू.

‘गैरसमज’ पहिल्यांदा जातो. गैरसमज दोघांचा असतो, इथे त्यांचं काहीच चुकलेलं नाही. मग ‘भावना दुखावल्या गेल्या असल्यास’. मराठीत माफीचा सगळा दम या ‘असल्यास’मध्ये निघून जातो. दुखावल्या आहेत, त्यांनी फोटोसकट लिहिलंय. तुम्ही अजून ‘असल्यास’वर आहात. शिवाय हे वाक्य पुढारी वापरतात, त्यामुळे वाचताना आपोआप भाषणाचा सूर लागतो. ‘दिलगीर आहोत’चं तसंच. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हे खोदलेल्या रस्त्यावरच्या पाटीवर शोभतं. काउंटरवर तुम्ही जे म्हणाल तेच लिहा: माफी मागतो.

‘चूक घडली’ऐवजी ‘आम्ही चूक केली’ किंवा ‘चूक आमची आहे’. घडतो तो अपघात. आणि कोणाची माफी? ‘प्रिय ग्राहकांनो’ अशी हाक मारून तुम्ही हजार लोकांची माफी मागताय, ज्यांचं तुम्ही काही बिघडवलेलं नाही. माफी त्या एका कुटुंबाची. बाकीच्यांना द्यायची आहे ती माहिती.

गर्दीचं वाक्य काढा. शनिवारी गर्दी असते हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि ऑर्डर घेताना ‘जमणार नाही’ म्हणायची सोय होती. कर्मचाऱ्यावर कारवाईचं वाक्य तर सगळ्यात महागात पडतं. काउंटरवर दोन मुलं असतात, परिसरात दोघांनाही सगळे ओळखतात. ‘संबंधित’ लिहून काहीही झाकलं जात नाही. आणि वर बघितलंत तसं, त्याने चिठ्ठी बरोबरच वाचली होती.

पैसे परत केल्याचं आणि मोफत केकचं पोस्टमध्ये नको. जाहीर लिहिलं की ‘भरपाई दिली, आता गप्प बसा’ असं वाचलं जातं आणि ताई विनाकारण फुकट केकसाठी भांडणाऱ्या ठरतात. त्यांनीच कुठे ‘पैसेही दिले नाहीत’ असं लिहिलं असेल तर फक्त तिथे, त्यांच्या पोस्टखाली, रक्कम न लिहिता एक ओळ: शनिवारी रात्रीच परत केले आहेत, मिळाले नसतील तर मला कळवा. मोफत केक द्यायचाच असेल तर फोनवर, एकदाच विचारा आणि नको म्हणाल्या तर सोडून द्या. पहिला वाढदिवस परत येत नाही आणि तुमच्याकडचा केक त्यांना आता नकोसा वाटला तर त्यात चूक काही नाही. त्या बदल्यात रिव्ह्यू काढायला सांगणं हा विचारही नको. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट ग्रुपवर येतो आणि मग केकची गोष्ट बाजूला राहते.

मी लिहिलं असतं तर साधारण असं:

“शनिवारी संध्याकाळी आम्ही एका घरी चुकीचा केक दिला. ऑर्डर एगलेसची होती. गेलेल्या केकमध्ये अंडं होतं आणि त्यावर नाव दुसऱ्याच मुलाचं होतं. त्यांच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. चूक आमची आहे. मी त्या कुटुंबाची माफी मागतो.

दोन्ही केक एक किलोचे, चॉकलेटचे, सारख्या खोक्यांत होते. नावाची चिठ्ठी आम्ही फक्त झाकणावर लावत होतो. फ्रिजमध्ये झाकणं बदलली आणि केक देताना आम्ही खोका उघडून बघितला नाही.

रविवारपासून चिठ्ठी केकखालच्या बोर्डावर असते, त्यावर हिरवं वर्तुळ किंवा तपकिरी त्रिकोण असतो. अंड्याचे आणि एगलेस केक वेगळ्या कप्प्यात असतात. केक देताना खोका तुमच्यासमोर उघडतो. आम्ही विसरलो तर उघडायला लावा.

शनिवारी आमच्याकडून नेलेल्या केकबद्दल कुणाला शंका असेल तर बिल नंबर घेऊन कॅफेच्या फोनवर मला विचारा. फोन मी स्वतः घेतो.”

खाली तुमचं नाव आणि ‘मालक’. ‘टीम अमुकतमुक’ नको.

यात काही गोष्टी मुद्दाम आहेत. पहिल्या दोन ओळींत अंडं आलंय, कारण फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे लांब मजकूर दुमडला जातो आणि बरेच जण तेवढंच वाचून पुढे जातात. ‘आपण’ नाही, ‘तुम्ही’ आहे. रोज व्हॉट्सॲपवर ‘ताई, तुमचा केक तयार आहे’ म्हणणारा माणूस माफी मागताना एकदम ‘आपणास कळविण्यात येते’ करायला लागला की वकिलाने लिहून दिल्यासारखं वाटतं. ताईंचं नाव नाही, बाळाचं नाव नाही, केकचा फोटो नाही. त्यांनी फोटो स्वतः टाकला असला तरी तो तुमच्या पानावर चढवायचा नाही, त्यावर मुलीची तारीख किंवा घराची खूण असू शकते. आणि ‘रविवारपासून’ तेव्हाच लिहा, जेव्हा रविवारी ते खरंच सुरू झालंय. सोमवारी कुणी केक घ्यायला आलं आणि खोका न उघडताच हातात दिला, तर ही सगळी पोस्ट खोटी ठरते.

टाकण्याआधी मजकूर ताईंना पाठवा. परवानगीपेक्षा तपासणीसाठी: “ताई, हे आज टाकतोय, तुमचं किंवा बाळाचं नाव नाही. काही चुकीचं लिहिलंय का?” त्यांनी एखादी गोष्ट दुरुस्त केली तर तशीच घ्या. त्या म्हणाल्या की आता विषय वाढवू नका, तर वेगळी पोस्ट टाकू नका; त्यांच्या रिव्ह्यूखाली आणि ग्रुपवरच्या पोस्टखाली उत्तर द्या आणि थांबा. खरं सांगायचं तर तक्रार फक्त रिव्ह्यूमध्ये असती तर मी वेगळी पोस्ट टाकायला सांगितलीच नसती. एका नावाची चूक असती तरीही नाही. इथे टाका म्हणतोय ते अंड्यामुळे, आणि गोष्ट ग्रुपवर पोचली आहे म्हणून.

गूगलवरचं उत्तर वेगळं लिहावं लागतं. ते सहा महिन्यांनी केक शोधणारा माणूस वाचतो, त्याला ‘शनिवारी’ म्हणजे काय कळणार? तिथे तारीख लिहा, काय चुकलं ते एका वाक्यात, काय बदललं ते दोन वाक्यांत, बस. स्टोरीवर टाकून मोकळं होऊ नका, ती चोवीस तासांत जाते आणि लोक म्हणतात पुसून टाकली. साध्या पार्श्वभूमीवर साधा मजकूर, हॅशटॅग नको, पैसे देऊन पसरवायची नाही. आणि पुढच्या आठवड्यासाठी लावून ठेवलेल्या रील्स आत्ताच थांबवा. माफीखाली दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप ‘संडे मस्ती, केकवर सूट’ आलेलं अनेकांना दिसतं आणि ते तुम्हाला सगळ्यात शेवटी दिसतं.

‘लिहून दिलं तर ग्राहक आयोगात अडकेन का’ हे तुम्ही विचारलं नाहीत, पण घरचं कुणीतरी विचारेलच. तक्रार करायची तर त्या तशीही करू शकतात. जिल्हा आयोगात इतक्या छोट्या रकमेला फीसुद्धा लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. फोटो आणि तुमचं बिल त्यांच्याकडे आहे. जे सिद्धच आहे ते मान्य केल्याने तुमचं फारसं बिघडत नाही, उलट पैसे परत केलेत आणि पद्धत बदललीत हे दिसतं. मात्र खाऊन कुणाला त्रास झाला असेल, दवाखान्यात जावं लागलं असेल, तर हा सल्ला लागू नाही. तेव्हा आधी त्यांची विचारपूस, मग वकील, मग लिहिणं.

पोस्ट टाकल्यावर पहिले दोन-तीन तास फोन हातात ठेवा. म्हणून ती रात्री अकराला टाकून झोपायची नाही, दुपारी टाका. कमेंट बंद करू नका. शिवीगाळ आणि कुणाचा फोन नंबर एवढंच काढा, टीका राहू द्या. तुमच्या बाजूने भांडायला येणाऱ्या मित्रांना आवरा. ‘एवढ्याशा केकसाठी एवढं काय’ असं तुमचा मामेभाऊ तिथे लिहिणार आणि ते तुम्हीच लिहिल्यासारखं धरलं जाणार.

एक प्रश्न नक्की येईल, त्याचं उत्तर आधी तयार ठेवा: दोन्ही केक एकाच भांड्यात, एकाच मिक्सरमध्ये बनवता का? इथे खोटं बोलायचा मोह होतो. भांडी वेगळी असतील तर तसं सांगा. नसतील तर लिहा, “मिक्सर एकच आहे, दोन्हींच्या मध्ये गरम पाण्याने आणि साबणाने धुतो. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी ऑर्डर देताना सांगा, आम्ही स्पष्ट नाही म्हणू.” यात चार ऑर्डरी जातील. पण ज्यांना तेवढं सोवळं लागतं, ती गिऱ्हाइकं तुमची कधी नव्हतीच, त्यांना फक्त आजवर ते माहीत नव्हतं.